पुस्तकं उशिरा आली, पण कुठे अडकली होती?

«मॅडम, भाचीची सीईटीची पुस्तकं उशिरा आली म्हणून मागच्या लेखात तुम्ही ऑनलाइनवाल्यांना चांगलंच झोडपलंत. पण नाशिकमध्ये मेनरोडला, एमजी रोडला पुस्तकांची दुकानं आहेत. एक चक्कर मारली असती तर तासाभरात काम झालं असतं. परीक्षा तोंडावर आल्यावर ऑर्डर द्यायची आणि मग दहा दिवस मोबाइल बघत रडत बसायचं, हा मुलीचा निष्काळजीपणा आहे. मुलांना असं पाठीशी घालू नका.»

नमस्कार. तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. तेवढं मूळ लेखात यायला हवं होतं, म्हणून सगळं नीट सांगते.

आधी दुकानांचं. माझी भाची पवननगरला राहते. ऑर्डर देण्याच्या दोन दिवस आधी ती भर उन्हात एमजी रोडवर चार दुकानं फिरली होती. तिला अकरावीच्या गणिताचा एमसीक्यूचा संच सुटा हवा होता. एप्रिलमध्ये दुकानांत बारावीचे संच होते, अकरावीचा मिळत होता तो पूर्ण सेटमध्ये. सीईटीत गणिताच्या पन्नास प्रश्नांपैकी दहा अकरावीचे असतात आणि गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा. म्हणजे सगळे विषय धरून दोनशेपैकी वीस गुण. अकरावीची पुस्तकं तिने वर्षभरापूर्वीच शेजारच्या मुलाला देऊन टाकली होती. त्या वीस गुणांसाठी तिने मंगळवारी रात्री तो संच आणि सोबत सराव परीक्षांची दोन पुस्तकं मागवली. पैसे आधीच भरले. शनिवारपर्यंत येतील असं ऑर्डरवर लिहिलेलं होतं आणि पेपर त्या शनिवारनंतर दहा दिवसांनी, मंगळवारी होता. हिशोब चुकीचा नव्हता.

आता खरी गोष्ट. बुधवारी सकाळी ॲपवर `Shipped` आलं आणि घरातले सगळे निश्चिंत झाले. शुक्रवारपर्यंत तेच दिसत होतं. पोरगी दर अर्ध्या तासाने स्क्रीन खाली ओढून बघायची. शनिवारी ती चार्जर घेऊन दारातल्या पायरीवरच बसली, बेल वाजली आणि ऐकू आली नाही तर, म्हणून. मीही तेव्हा म्हणाले, ‘कसारा घाटात ट्रॅफिक असेल गं, येईल.’ पुस्तक घाटाच्या आसपासही नव्हतं.

रात्री आम्ही ॲप बाजूला ठेवलं आणि पार्सलचा नंबर थेट कुरिअरच्या साइटवर टाकला. तिथे बुधवारची एकच ओळ होती: `Manifested`. याचा अर्थ विक्रेत्याने स्टिकर छापला, माहिती कुरिअरला पाठवली, एवढंच. माल अजून त्याच्याच गोदामात पडलेला. ॲपने मात्र स्टिकर निघाल्याबरोबर ‘पाठवलं’ असं दाखवून टाकलं होतं. कुरिअरच्या माणसाने पार्सल पहिल्यांदा हातात घेतलं ते त्याच शनिवारी संध्याकाळी, आणि ती नोंद साइटवर आली रविवारी. चार दिवस गेले ते इथे. रस्त्यावर नाही.

हे ओळखायची खूण सोपी आहे, पण आम्हाला ती माहीत नव्हती. पार्सल खरोखर कुणाच्या हातात गेलं की नोंदीत वेळेबरोबर ठिकाणाचं नाव येतं, भिवंडी हब वगैरे. बऱ्याच कुरिअरच्या नोंदीत हबवर केलेलं वजनही दिसतं. नुसती वेळ आहे आणि ठिकाण नाही, अशी एकच ओळ दोन दिवस हलली नाही, तर माल निघालेलाच नाही असं धरून चालावं. ऑर्डर रद्द करायची वेळ तीच, कारण माल उचलला जाण्याआधी रद्द करणं सोपं असतं. एकदा तो गाडीत पडला की तो दारात येऊन परत जाईपर्यंत पैसे अडकतात. गुरुवारी रात्री हे कळलं असतं तर आम्ही ऑर्डर रद्द करून पूर्ण सेटचे जास्तीचे पैसे मोजले असते आणि शुक्रवारी पुस्तक घरात असतं.

तुमचं जे अर्धं मला मान्य आहे ते आता. सोमवारी पार्सल भिवंडीला आलं, मंगळवारी पहाटे नाशिकला. त्या संध्याकाळी नोंद आली: `Customer not available`. फोन आला नाही, दारात कुणी आलं नाही, आणि ती दिवसभर घरातच होती. मी चिडून मागचा लेख लिहिला तो याच रात्री. खरं कारण बुधवारी कळलं. पत्त्यात तिने ‘पवननगर, सिडको’ बरोबर लिहिलं होतं, पण पिनकोड 422009 ऐवजी 422001 टाकला होता. फॉर्ममध्ये कधीकाळी भरलेला तसाच राहिला, तिने बघितला नाही. ही चूक तिची आहे आणि तिने ती लगेच कबूल केली.

कुरिअरच्या गोदामात हजारो पिशव्या वाटताना पत्ता कुणी वाचत नाही, पिनकोडवरून स्टिकरवर जो कोड छापला जातो त्यावर पार्सल फिरतं. पिनकोडची पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले. पहिल्या तीन आकड्यांनी टपाल कोणत्या जिल्ह्यात वर्गीकरणाला जायचं ते ठरतं आणि शेवटच्या तिनांनी वाटप करणारं पोस्ट. 422 बरोबर होतं म्हणून पुस्तक नाशिकला आलं, पण 001 मुळे जुन्या शहराच्या वाटपात पडलं. तिथल्या मुलाने पत्ता आपल्या भागातला नाही म्हणून ‘ग्राहक भेटला नाही’ टाकून दिलं. तिच्या चुकीचे दोन-तीन दिवस मी तिच्या खात्यावर धरते. पहिले चार मात्र तिच्या खात्यावर टाकू नका.

शुक्रवारी दुपारी पिशवी आली. करड्या प्लॅस्टिकवर 422001 ठळक छापलेलं, त्यावर निळ्या पेनाने काट मारून बाजूला ‘सिडको’ लिहिलेलं. पेपरला चारच दिवस उरले होते. पहिल्या शनिवारनंतर तिने ebalbharati.in वरून अकरावीच्या गणिताच्या पुस्तकाची पीडीएफ उतरवून घेतली होती, ती फुकट मिळते. त्यातली उदाहरणं ती सोडवत होती. पर्यायी प्रश्नांचा सराव मात्र त्या चार दिवसांतच झाला.

सराव परीक्षांची दोन पुस्तकं आम्ही सील न फोडता परत केली. ‘पुस्तकांना रिटर्न नाही’ हे पहिलं उत्तर. ई-कॉमर्सचे 2020 चे नियम आहेत, त्यात सांगितलेल्या तारखेनंतर माल आला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही, नैसर्गिक आपत्तीसारखं कारण असेल तर गोष्ट वेगळी. तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, असंही त्यात आहे. ते लिहून पाठवलं आणि पैसे आले. अडलं तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 आहे. पण महिन्याची मुदत परीक्षेच्या मुलाला काय कामाची, पैसे मिळतात, दिवस मिळत नाहीत.

तुम्हाला मेनरोडची दुकानं माझ्यापेक्षा जास्त माहीत दिसतात. अकरावीचा संच एप्रिलमध्ये सुटा देणारं एखादं असेल तर इथे नाव जरूर लिहा, भाचीची मैत्रीण यंदा रिपीट करतेय आणि तिलाही तोच हवा आहे.