‘उपयुक्त व वाचनीय’

समाजशास्त्राच्या सरांनी विषय दिला: रत्नागिरीचे चाकरमानी आणि गावी राहिलेल्या बायका. निबंध नंतर, आधी सटीप संदर्भसूची. आठ संदर्भ, प्रत्येकाखाली दीडशे शब्दांची टीप. प्रस्तावनेतून चार ओळी उचलल्या की झालं, असं मलाही वाटतं. पण प्रस्तावनेत असतो लेखकाचा बेत. हाती काय लागलं ते शेवटच्या प्रकरणात. मधली पानं चाळली तरी चालतं, हे शेवटचं प्रकरण मात्र वाचावंच लागतं.

हेमलता दांडेकरांचं १९८६चं ‘मेन टु बॉम्बे, विमेन अ‍ॅट होम’ घ्या. नाव वाचूनच कोकणी माणूस हरखतो, हे तर आमच्याच घरावर लिहिलंय! सारांश पटकन होतो: पुरुष मुंबईला, बायका गावी, आणि या ये-जा करणाऱ्या पैशाने नि माणसांनी गाव कसं बदललं. खाली मूल्यमापन म्हणून आपण लिहितो, ‘पुस्तक उपयुक्त व वाचनीय आहे.’ हे वाक्य पंगतीतून उठताना यजमानाला म्हणायचं असतं.

त्यापेक्षा वाडीत अनोळखी पोरगा शिरला की पडवीतली आजी जे विचारते, तेच पुस्तकाला विचारावं. कुणाचा रे तू? कुठल्या गावचा? इकडे काय काम काढलंस? दुसऱ्या प्रश्नालाच गोची होते. उपशीर्षकात गावाचं नाव आहे सुगाव, पुढे ‘डेक्कन महाराष्ट्र’, काळ १९४२ ते १९८२. सुगाव सातारा जिल्ह्यातलं. म्हणजे पाव्हणे घाटावरचे निघाले!

म्हणून पुस्तक टाकून द्यायचं नाही, टीप बदलायची: ‘एकाच गावातला चाळीस वर्षांचा बदल दिसतो, ही जमेची बाजू. पण गाव एकच आणि घाटावरचं. तिथली जमीन, पाऊस, पिकं कोकणासारखी नाहीत. गिरणी संप जानेवारी १९८२ला सुरू झाला, तेव्हा संपानंतरची कोकणातली घरं इथे भेटणार नाहीत. मी हे तुलनेसाठी वापरेन, रत्नागिरीचा पुरावा म्हणून नाही.’ शेवटच्या वाक्यातला ‘मी’ महत्त्वाचा. बहुतेक टिपांमध्ये तोच गायब असतो.

जनगणनेचं उलटं. २०११ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, आकडा अगदी आपल्याच अंगणातला. पण ‘कुणाचा’ विचारलं की तो गप्प. त्यात लहान मुली आल्या, म्हाताऱ्या आल्या. कुणाचा नवरा मुंबईला आहे, हे त्यात कुठेच नाही. पुरुष बाहेर गेल्याची खूण म्हणून तो घ्यावा, बायकांच्या आयुष्याबद्दल त्याला बोलायला लावू नये.

टीप दीडशेच्या पुढे गेली तर सारांश कापावा, मूल्यमापन नव्हे. हे सगळं ठाऊक असूनही आठव्या टिपेला रात्री बारा वाजता हात आपोआप लिहू लागतो, ‘उपयुक्त व...’