आत्याच्या अक्षता आणि पांढरी पार्श्वभूमी

मंगळवारी रात्री साडेअकरा वाजता मला कळविण्यात आले की, माझ्या मोदकपात्राचे मुख्य छायाचित्र नामंजूर झाले आहे, कारण त्यात विक्रीच्या वस्तूखेरीज अन्य वस्तू दिसत आहे. ती अन्य वस्तू म्हणजे तांदळाचे पाच दाणे होते. ते मी ठेवलेले नव्हते, आणि ज्यांनी ठेवले होते त्या माझ्या आत्या त्या वेळी शांतपणे घोरत होत्या.

मी घरबसल्या स्टीलची भांडी ऑनलाइन विकते. जिथे विकते, तिथल्या पहिल्या छायाचित्राचे नियम सोवळ्याइतके कडक आहेत. पार्श्वभूमी निव्वळ पांढरी हवी, वस्तूने चौकटीचा किमान 85 टक्के भाग व्यापायला हवा, चित्रावर एकही अक्षर नको, आणि जे विकायचे आहे त्याशिवाय चित्रात काहीही नको. मोदकपात्राच्या चित्रात मोदकसुद्धा नको, कारण ते पाहून गिऱ्हाईक पात्राबरोबर मोदकांचीही वाट पाहील. हे सारे मी आत्यांना सविस्तर समजावून सांगितले होते, आणि तिथेच माझे चुकले.

"म्हणजे रिकाम्या भांड्याचा फोटो काढणार तू?" आत्यांनी विचारले.

"हो आत्या, तसा नियमच आहे."

"कुणाचा नियम? आपल्याकडे शेजारणीची वाटी परत करतानासुद्धा चिमूटभर साखर घालतात. आणि तू गणपतीचं भांडं जगाला रिकामं दाखवणार?"

"पुढच्या फोटोंत मोदक दाखवणार आहे ना."

"पुढच्या म्हणजे? पंगतीत आधी रिकामं ताट दाखवून मग वाढतात का? आणि त्या नियमवाल्याला विचार, त्याच्या घरी कुणी मुलगी बघायला आलं तर तिला पांढऱ्या भिंतीपुढे एकटीलाच उभी करतात का? आईबाप बाजूला, पोह्यांची बशी बाजूला?"

पोह्यांची बशी ही माझ्या व्यवसायाच्या भाषेत पाचव्या क्रमांकाच्या छायाचित्रात येते, असे सांगण्याची मला छाती झाली नाही. मी कॅमेऱ्याकडे वळले, आणि तेवढ्यात आत्यांनी पात्राच्या जाळीवर अक्षता टाकल्या. झाकण शेजारी उघडे ठेवले होते. दाणे पांढरे, मागचा कागद पांढरा आणि माझे डोळे चाळिशीचे. यंत्राला मात्र ते दिसले.

खरे सांगायचे तर दाणे नसते, तरीही ते चित्र नापास होण्याच्याच लायकीचे होते, आणि याचा दोष आत्यांवर ढकलता येत नाही याचे मला अजून वाईट वाटते. माझी पार्श्वभूमी डोळ्यांना पांढरी दिसत होती, पण संगणकावर तिच्या कोपऱ्यातला रंग मोजला तेव्हा तो 243 निघाला. निव्वळ पांढरा म्हणजे लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आकडे 255. हा 12 अंकांचा फरक एकट्या चित्रात जाणवत नाही. पण विक्रीचे पान मुळातच पांढरेशुभ्र असल्यामुळे त्यावर चित्र ठेवताच वस्तूभोवती मळकट चौकोन उमटतो. याचे कारण असे की, समोर सगळेच पांढरे दिसले की कॅमेऱ्याला ते फार उजळ वाटते आणि तो आपणहून उजेड कमी करतो. म्हणून तो उजेड हाताने वाढवावा लागतो आणि मागच्या कागदावर स्वतंत्र दिवे सोडावे लागतात. भांडे कागदापासून दोन-तीन फूट पुढे हवे, नाहीतर तोच उजेड मागून सांडून झाकणाची कड खातो.

त्यात स्टील म्हणजे आरसाच. पहिल्या प्रयत्नात माझ्या झाकणावर मी, माझा पिवळा गाऊन आणि दारात उभ्या असलेल्या आत्या असे सहकुटुंब अवतरलो होतो. म्हणून भांड्याभोवती पांढरी कार्डशीटे उभी केली; तेव्हा आम्ही गेलो, पण आमच्याबरोबर भांडेही गेले, कारण पांढऱ्यावर पांढरे प्रतिबिंब पडून त्याला कडाच उरल्या नाहीत. शेवटी दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जेमतेम बाहेर, काळ्या कार्डशीटच्या बोटभर रुंद पट्ट्या उभ्या केल्या. त्यांचे प्रतिबिंब भांड्याच्या कडेवर काजळाच्या रेघेसारखे उमटले आणि आकार उठून दिसू लागला. काजळ म्हटल्यावर आत्या प्रथमच प्रसन्न झाल्या. दृष्टीची सोय झाली, असे त्यांचे मत पडले.

अर्थात हे सारे मला दोनदा करावे लागले. पहिल्या दिवशी मी उत्साहाच्या भरात आधी वाफाळत्या मोदकांचे चित्र घेतले होते. गॅसवर चढलेल्या पात्राचा तळ त्यामुळे निळसर झाला, आत पाण्याचे पांढरे डाग पडले, आणि ते भांडे पहिल्या चित्रासाठी कायमचे बाद झाले. दुसरे कोरे पात्र माझ्या विक्रीच्या मालातून, म्हणजे माझ्याच खिशातून, काढावे लागले. तेव्हापासून चित्रे ज्या क्रमाने दिसणार, त्याच क्रमाने काढायची असे मी कागदावर लिहून ठेवले आहे: आधी कोरे भांडे, मग पाणी, मग आग.

पुढच्या चित्रांची यादी मात्र मी कॅमेऱ्यापुढे बसून केली नाही. ती परत आलेल्या मालाच्या तक्रारींवरून केली. सर्वांत जास्त तक्रार "फारच लहान निघाले" अशी होती. व्यास 22 सेंटिमीटर असे वर्णनात स्पष्ट लिहिले होते, पण मोदक करणारी बाई सेंटिमीटरमध्ये विचार करीत नाही, ती मोदकांत विचार करते. म्हणून दुसऱ्या चित्रात जाळीवर हळदीचे पान आणि त्यावर मोजून 11 मोदक मांडले, आणि वर एवढेच लिहिले: "एका वेळी 11 मोदक." नैवेद्याचे 21 एका वेळी बसत नाहीत, दोन घाणे करावे लागतात, हे त्यातूनच कळते. ते न कळविता विकले, तर ऐन चतुर्थीला शिव्या मलाच बसणार.

तिसऱ्या चित्रात वाफ आहे. वाफ समोरच्या उजेडात दिसतच नाही. तिच्या मागून उजेड आणि त्यामागे गडद पडदा लागतो. दिव्यांच्या उष्णतेने उकड सुकून मोदकांना तडे जातात, म्हणून ओले फडके घेऊन आत्या शेजारी बसल्या होत्या, आणि या एका कामात त्यांच्याइतका कुशल मदतनीस मला पैसे देऊनही मिळाला नसता. चौथ्यात सगळे भाग सुटे करून मांडले, कारण "जाळी घासायला निघते का?" हा प्रश्न आठवड्यातून दोनदा येतो. प्रत्येक चित्रात एकच गोष्ट सांगितली आणि अक्षरे मोठी ठेवली. हे मी हौसेने केले नाही. आधी एकाच चित्रात सहा फायदे लिहिले होते, आणि ते माझ्याच फोनवर मला वाचता आले नाहीत.

शुक्रवारी सगळी छायाचित्रे मंजूर झाली. आत्यांनी ती चष्मा लावून पाहिली, पहिले अंगठ्याने झटकन पुढे ढकलले आणि दुसऱ्यावर थांबून म्हणाल्या, "हे आधी लावायचं होतंस."

रविवारी नव्या चित्रांवरची पहिली ऑर्डर गेली. आज ते पात्र परत आले आहे. परतीच्या कारणात लिहिले आहे, "वापरलेला माल पाठविला, आत तांदूळ सापडले." आत्या म्हणतात, रिकामे भांडे त्या घराबाहेर जाऊ देणार नव्हत्याच.