तांब्या पितळेचाच आहे, वयाबद्दल मात्र माझं चुकलं

«तुम्ही नुसते फोटो बघून ‘पितळ आहे, शंभरेक वर्षं जुनं’ असं ठोकून दिलंत. आम्ही लिंबू-मीठ लावून तारेच्या घासणीने घासलं तर खालून गुलाबी तांबं निघालं! काठाला लोहचुंबकही चिकटतो. आणि भांड्यावर घातलेल्या नावाखाली १९५८ साल आहे. फोटोवरून असंच सांगायचं तर सरळ ज्योतिष बघा की.»

नमस्कार. आधी माझी चूक. ‘शंभरेक वर्षं’ म्हणायला माझ्याकडे आधार नव्हता, तो अंदाज मी मागे घेतो. भांड्यावरची काळपट झाक पाहून मी तसं बोललो, आणि झाकेवरून वय सांगणं हा या कामातला सगळ्यात जुना खड्डा आहे. दमट जागेत पडून राहिलेलं पितळ काही वर्षांतही तसं काळं पडतं. पण धातूबद्दल मी माघार घेणार नाही. नावाने तांब्या असला तरी तो पितळेचाच आहे.

तुम्ही कळवलेली वजनं इथे उपयोगी पडतात. तांब्या कोरडा ६४२ ग्रॅम. मग पाण्याचं पातेलं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि तांब्या दोऱ्याने पूर्ण बुडवून, तळाला टेकू न देता, अधांतरी धरला, तेव्हा काट्याने ७६ दाखवले. म्हणजे त्याने ७६ मिलीलीटर पाणी सारलं. ६४२ भागिले ७६, म्हणजे घनत्व साधारण ८.४५. पितळ बहुधा ८.४ ते ८.७ च्या दरम्यान बसतं. शुद्ध तांब्याचं घनत्व ८.९६, म्हणजे भांडं तांब्याचं असतं तर काट्यावर ७२ च्या आसपास आकडा आला असता. लोखंडाचं असतं तर ८१-८२. एका ग्रॅमची चूक धरली तरी यातला कुठलाच आकडा ७६ जवळ येत नाही. बुडवताना आत हवेचा बुडबुडा अडकला तर मात्र घनत्व खोटं कमी दिसतं, म्हणून भांडं पाण्यातच तिरकं करून हवा काढायची. आणि कांसं पितळेच्या इतकं जवळ असतं की घरच्या काट्यावर ते नेहमीच वेगळं काढता येईल असं नाही. इथे तळाच्या फोटोत ओरखड्याखाली स्वच्छ पिवळा रंग दिसतोय, आणि वजनही तेच सांगतं, म्हणून मी पितळ म्हणतो.

लोहचुंबकाचं कोडं सोपं आहे. तुम्ही ‘काठाला’ म्हणालात, पोटाला नाही. पत्र्याच्या भांड्याचा काठ दबू नये म्हणून दुमडीत लोखंडी तार घालून काठ वळवतात. तुमच्या दुसऱ्या फोटोत काठाखाली एका जागी दुमड उघडलीय आणि तिथे तपकिरी गंजाचा ठिपका आहे, तो त्या तारेचा. चुंबक पोटावरून फिरवून बघा. तिथे चिकटला तर मी हरलो.

आता गुलाबी तांबं. ते आत लपलेलं नव्हतं, घासताना वर आलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. आम्लाने दोन गोष्टी होऊ शकतात. एक, जस्त तांब्यापेक्षा लवकर विरघळतं आणि पृष्ठभागावर सच्छिद्र गुलाबी तांबं मागे राहतं. दोन, लिंबाच्या रसात थोडं तांबंही उतरतं, आणि त्याच रसात तुमची लोखंडी तारेची घासणी फिरली की लोखंड विरघळू लागतं आणि विरघळलेलं तांबं धातू होऊन परत पितळेवर बसतं. म्हणजे तुम्ही नकळत तांब्याचा मुलामाच दिलात! कुठली गोष्ट झालीय ते ओळखायचं तर तळाच्या खाली नाण्याएवढ्या जागी खडूच्या बारीक पुडीची पातळ पेस्ट बोटाने हलकेच चोळा. दहा-बारा फेऱ्यांत पिवळं दिसलं तर तो नुसता बसलेला पापुद्रा आहे. खड्ड्याखड्ड्यांत मंद गुलाबी राहिलं तर जस्त गेलंय. ते परत येत नाही आणि त्याच्यामागे लागून धातू खरवडू नये.

मला खरी काळजी त्या मिठाची आहे. सांध्यात, दुमडीत आणि कोरलेल्या अक्षरांत अडकलेलं मिठातलं क्लोराइड ओलावा मिळाला की तांब्याला खात राहतं. भांडं कोमट पाण्याने, दर वेळी नवं पाणी घेऊन, पाच-सहा वेळा धुवा. शेवटचं पाणी बॅटरीत घालतात तसलं ऊर्ध्वपातित घ्या. लगेच पुसून, केस वाळवायच्या यंत्राच्या मंद हवेने दुमडीत फुंकून कोरडं करा. मग झाकणाच्या डब्यात ओल्या कापसाच्या बोळ्याशेजारी, त्याला न टेकवता, एक दिवस ठेवा. सांध्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी आली तर क्लोराइड अजून आत आहे, धुणं पुन्हा सुरू करा. (मेणासारखा गडद हिरवा चिकट थर वेगळा. तो बहुधा जुन्या तेलातुपाचा असतो, लाकडी काडीने निघतो.)

बाजारी पॉलिशबद्दलही विचारलं होतंत. डब्यावर अमोनिया लिहिलेलं असेल तर वापरू नका. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेल्या पितळी काडतुसांना भेगा पडत. कारण निघालं ते घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि दाबून-ओढून आकार दिलेल्या पितळेत साठलेला ताण. तुमच्या तांब्याचं पोट ठोकून फुगवलेलं आहे, तसा ताण त्यातही असू शकतो.

राहिलं वय. आतून बॅटरी मारून काढलेल्या फोटोत दातेरी सांधा दिसतो. करवतीच्या दातांसारख्या दोन कडा एकमेकींत बसवून डाख दिलेला. यावरून भांडं पत्र्यापासून हाताने घडवलंय एवढं कळतं, साल कळत नाही. अशी घडण कारखाने आल्यावरही चालू राहिली. ठोक्यांच्या खुणांचंही तेच.

१९५८ मात्र उपयोगी आहे, फक्त तुम्ही म्हणता तसा नाही. नाव घातलं ते साल म्हणजे भांड्याचा जन्म नव्हे. ‘१९५८’ मधल्या ‘५’ खाली एक पोचा आहे. अक्षरं ठिपक्याठिपक्यांनी कोरलीत. पोच्याच्या कडेवर ठिपके खोल आणि जवळजवळ आहेत, खोलगट भागात उथळ, आणि तळाशी दोन ठिपके उमटलेलेच नाहीत, कारण छिन्नीचं टोक तिथवर नीट पोचलं नाही. पोचा नंतर पडला असता तर आधी सारखे असलेले ठिपके ताणलेले दिसले असते, गायब झाले नसते. म्हणजे नाव घालताना भांडं वापरातलं आणि पोचा पडलेलं होतं. किती आधीचं? त्याचं उत्तर त्या पोच्यात नाही, एक दिवसही असू शकतो आणि वीस वर्षंही. ‘१९५८ किंवा त्याआधीचं, हाताने घडवलेलं’ एवढंच मी म्हणतो, आणि तेही साल खरंच त्याच वर्षी कोरलंय असं धरून.

तेवढ्यासाठी अक्षरांवर काहीही घासू नका, खडूसुद्धा नाही. आणि एक फोटो हवाय: दिवसा, सावलीत, शेजारी पांढरा कागद ठेवून, तळाच्या बाहेरच्या बाजूचा. पहिला फोटो पिवळ्या बल्बखाली होता आणि त्यात तुमचा पांढरा टॉवेलही पितळेचा दिसतो.