बोर्डावर 60 किलोवॅट लिहायचं आणि गाडीत 33 सोडायचं, ही कसली फास्ट चार्जिंग?

डोकं फिरलंय राव. आमच्याकडं हायवेला एक चार्जर बसवलाय, भला मोठा बोर्ड, ॲपमध्येपण हिरव्या अक्षरात 60 किलोवॅट, प्लग सीसीएस टू. माझ्या गाडीला सीसीएस टूच लागतं आणि गाडी 50 किलोवॅटपर्यंत घेते, मग अडचण काय यायला पाहिजे? गन लावली की स्क्रीनवर 33. गाडी 20 टक्क्यांवर, बॅटरी गरम नाही, शेजारची गन रिकामी, तरी 33 च्या पुढं काटा हलायला तयार नाही.

हेल्पलाइनला फोन लावला तर तिकडून ठरलेलं उत्तर, "सर, तुमची गाडीच कमी घेतीय." अरे गाडी कमी घेतीय हे तू तिथं बसून कसं ठरवलंस? हीच गाडी पुण्याजवळ दुसऱ्या चार्जरवर तेवढ्याच टक्क्यांवर 145 ॲम्पियर, म्हणजे जवळपास 48 किलोवॅट घेते. हितं व्होल्ट 330 दिसतंय आणि ॲम्पियर बरोबर 100 वर ठोकून बसल्यासारखं. गाडीनं हात आखडता घेतला असता, म्हणजे बॅटरी तापली असती किंवा 80 टक्क्यांच्या पुढं गेली असती, तर ॲम्पियर हळूहळू उतरत गेलं असतं. हितं व्होल्ट थोडं थोडं वर सरकतंय आणि ॲम्पियर जागचं हलत नाही. म्हणून मशीनच्या मागं जाऊन पाटी वाचली, तर एका गनला कमाल 100 ॲम्पियर! 330 गुणिले 100 म्हणजे 33 हजार वॅट, झालं की 33 किलोवॅट. चौथीतल्या पोराला जमंल असला गुणाकार आहे हा.

म्हणजे तो 60 चा आकडा खोटा नाही, पण तो 600 व्होल्टच्या पुढच्या बॅटरीलाच मिळणार. आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या तीनशे-चारशे व्होल्टच्या आसपासच्या. मग हायवेला बोर्ड कुणासाठी लावलाय? प्लग एकच केला, लई चांगलं केलं, पूर्वी भारत डीसी, चाडेमो असली वेगवेगळी तोंडं होती त्यापेक्षा हे बरंच. पण गन खटकन बसली म्हणजे पाहिजे तेवढी पॉवर मिळणार असं होत नाही, आणि हे गाडी विकणारा सांगत नाही, चार्जर लावणारा तर अजिबात सांगत नाही.

बरं, हेपण कमी की काय, मधीच दुसरी गाडी येते आणि शेजारची गन लावते. मशीनच्या आत पॉवर देणारे 30-30 किलोवॅटचे दोन मॉड्यूल, दोन गाड्या लागल्या की एकेकाला एक. लागलीच 33 चं 30. तेवढ्याचं काय नाही ओ, पण पुण्याजवळचा तो चार्जर, 48 देणारा, तिथंपण असंच दोन गनमध्ये वाटणी होऊन खाली आलं होतं, आणि शेजारचा निघून गेला तरी मशीननं मॉड्यूल परत दिलं नाही. चार्जिंग बंद करून नव्यानं चालू केलं तेव्हा आकडा वर गेला. हे ग्राहकानं कुठून शिकायचं? मागच्या सीटवर म्हातारी आई आणि झोपलेलं पोर घेऊन कुणी मॉड्यूलची वाटणी बघत बसायचं का?

नुसता वेळेचा हिशोब करा. 40 युनिटची बॅटरी, 20 वरून 80 टक्क्यावर न्यायची तर 24 युनिट लागतात. 48 नं अर्धा तास, 33 नं पाऊण तास, 30 नं त्याहून थोडा जास्त. आणि पुढं एक गाडी आधीच लागलेली असली तर तिचा पाऊण तासपण आपल्याच डोक्यावर. कोल्हापुरातनं पुण्याला निघालेला माणूस सातारा-कराडच्या आसपास एकदाच थांबायचं म्हणून बेत करतो, तो सगळा बोर्डावरच्या आकड्यावर. आणि तोच आकडा असा.

माझी मागणी लई मोठी नाही. ॲपमध्ये किलोवॅटच्या शेजारी दर गनचे कमाल ॲम्पियर लिहा आणि दोन्ही गन चालू असताना एकेकाला किती मिळणार ते लिहा. हे दोन आकडे तुमच्याच मशीनच्या पाटीवर आणि मॅन्युअलमध्ये आहेत, शोधायला जायचं नाही. मी आपला व्होल्टेज माहीत असलेला माणूस, गुणाकार करून घेईन.

पाटीचा फोटो, स्क्रीनचा फोटो, सगळं जोडून तक्रार टाकली होती. आज बघतोय तर बंद केलेली, कारण लिहिलंय "वाहनाची मर्यादा". फोटोत 100 ॲम्पियर ढळढळीत दिसतंय, तरीपण! परत उघडली आहे, आणि यावेळी तो गुणाकार पण लिहून दिलाय.