डीएमडी 'एका इंजेक्शनात बरा' होत नाही, हा मेसेज थांबवा

"आनंदाची बातमी!! डीएमडीवर एकच इंजेक्शन निघालं. विषाणूत डिस्ट्रोफिनचं पूर्ण जनुक भरून देतात, पोरगं कायमचं बरं. विषाणू निरुपद्रवी, साइड इफेक्ट शून्य. फरक कमी वाटला तर दुसरा डोस घ्या."

डीएमडी म्हणजे डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी: डिस्ट्रोफिन हे प्रथिन तयार होत नसल्याने मुलांचे स्नायू झिजत जाणारा जनुकीय आजार. हा मेसेज आमच्या नात्यातल्या एका आईपर्यंत पोचला आणि घरात शेत विकायची बोलणी सुरू झाली. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'पूर्ण जनुक' ही सरळ थाप आहे. या औषधात, म्हणजे एलेव्हिडिसमध्ये, एएव्ही नावाचा विषाणू वापरतात. त्याच्या कवचात जास्तीत जास्त 4,700 अक्षरांचा डीएनए मावतो. दोन्ही टोकांची मिळून 290 अक्षरं विषाणूची स्वतःचीच ठेवावी लागतात, नाहीतर डीएनए कवचात भरलाच जात नाही. जनुक स्नायूतच चालू व्हावं म्हणून लागणारा स्विच आणखी सुमारे 800 अक्षरं खातो. उरतात साडेतीन हजारांच्या आसपास, आणि डिस्ट्रोफिनची प्रथिनापुरती संहिताच 11,000 अक्षरांची आहे. जबरदस्तीने जास्त कोंबलं तर कवचात तुटके तुकडे भरले जातात.

म्हणून देतात ते कापून लहान केलेलं मायक्रो-डिस्ट्रोफिन. डिस्ट्रोफिन हे बैलाच्या दाव्यासारखं आहे: एक टोक पेशीच्या आतल्या सांगाड्याला, दुसरं पेशीच्या आवरणाला. मधल्या 24 वेटोळ्यांपैकी फक्त 4 ठेवली आहेत, गाठी शाबूत आहेत. दावं आखूड झालं, तरी काही काम करतं. ही कल्पना हवेतली नाही. मधला जवळपास निम्मा भाग नसलेला एक माणूस 61 व्या वर्षीही चालत होता, हे 1990 मध्ये छापून आलं आहे. एवढं मी मान्य करतो. पण 'कायमचं बरं' नाही. 4 ते 7 वर्षांच्या 125 मुलांवरच्या चाचणीत वर्षभरानंतर हालचालींच्या मुख्य गुणांकनात औषध आणि खोटं औषध यांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. गेलेला स्नायू तर कशानेच परत येत नाही.

आता सगळ्यात घातक वाक्य: साइड इफेक्ट शून्य. एएव्ही स्वतः माणसाला आजारी पाडत नाही आणि औषधातला विषाणू वाढूही शकत नाही, हे खरं. धोका मात्रेत आहे. किलोमागे 1,33,000 अब्ज कण, म्हणजे 20 किलोच्या पोराला 26 लाख 60 हजार अब्ज कण शिरेतून जातात आणि त्यातले बरेचसे यकृतात साठतात. शरीराची प्रतिकारशक्ती त्या यकृताच्या पेशींवर तुटून पडते. 2025 मध्ये चालणं थांबलेली दोन मुलं यकृत निकामी होऊन गेली. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने औषधाच्या माहितीपत्रकात सगळ्यात कडक इशारा छापायला लावला आणि औषध फक्त चालू शकणाऱ्या, 4 वर्षं आणि त्यावरच्या मुलांपुरतं ठेवलं. आपल्याकडे मेसेज वाचून धावतात ते बहुधा व्हीलचेअरवरच्या मोठ्या मुलांचेच आईबाप.

या औषधाबरोबर जादा स्टेरॉइड द्यावं लागतं आणि पहिले तीन महिने दर आठवड्याला यकृताच्या तपासण्या. इथे एक गोम आहे. यकृतासाठी नेहमी तपासतात ते एसजीपीटी डीएमडीच्या मुलांमध्ये आधीच वाढलेलं असतं, कारण ते झिजणाऱ्या स्नायूंतूनही रक्तात येतं. तालुक्याच्या लॅबचा तो आकडा बघून कावीळ समजून उपचार सुरू होतात, किंवा उलट, खरी यकृताची इजा 'याचं नेहमीच जास्त असतं' म्हणून सुटते. यकृतासाठी जीजीटी आणि बिलिरुबिन बघायचं. उलट्या, पिवळे डोळे, गडद लघवी दिसली की दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. गडचिरोली किंवा मेळघाटच्या गावातून हे दर आठवड्याला कसं निभेल, ते आधी ठरवा.

दुसरा डोस? पहिल्या डोसनंतर त्या कवचाविरुद्ध इतकी प्रतिपिंडं तयार होतात की पुढचा डोस पेशीपर्यंत पोचत नाही, वर जोरदार प्रतिक्रियेचा धोका. कित्येकांना तर निसर्गातल्या एएव्हीमुळे ती आधीच असतात. म्हणून डोसआधी रक्त तपासतात आणि पातळी 1:400 किंवा वर आली तर औषध देतच नाहीत. ही एकदाच मिळणारी संधी आहे, कमी पडलं तर भरून काढता येत नाही.

किंमत 32 लाख डॉलर आहे. दोन एकर विकून ती निघत नाही.

पैशांआधी मुलाच्या जनुक तपासणीचा पूर्ण रिपोर्ट काढा. 'डीएमडी पॉझिटिव्ह' एवढं पुरत नाही, जनुकाचे कोणते तुकडे, म्हणजे एक्सॉन, गळले ते लिहिलेलं हवं. 8 किंवा 9 क्रमांकाच्या एक्सॉनमधलं काही गळलं असेल तर हे औषध वर्ज्य आहे. अशा मुलाचं शरीर मायक्रो-डिस्ट्रोफिनलाच परकं समजून हृदयाच्या आणि इतर स्नायूंवर हल्ला करू शकतं.