e^(1/x) ला शून्यापाशी दोन वेगळी उत्तरं का येतात

"x शून्याकडे गेला की 1/x इन्फिनिटी होतो. e चा घात इन्फिनिटी, म्हणजे उत्तरही इन्फिनिटी. e चा कुठलाही घात ऋण नसतो, त्यामुळे डावीकडून वेगळं काही येणारच नाही. म्हणून (e^(1/x) − 1)/(e^(1/x) + 1) मध्ये वर-खाली e^(1/x) ने भागा, उत्तर 1. डावी-उजवी बाजू बघत बसू नका."

इंदूरला भंवरकुआंच्या क्लासला जाणाऱ्या मुलांच्या ग्रुपांत हा मेसेज फिरतोय. रामबागेत माझ्याकडे गणिताला येणाऱ्या मुलींनी तो दाखवला, तेही "सर, किती सोपं आहे बघा" म्हणत. सोपं आहे खरं, पण अर्ध्या बाजूपुरतंच.

पहिल्या वाक्यातच पाय घसरलाय. x = ०.१ घेतला तर 1/x म्हणजे १०. x = −०.१ घेतला तर −१०. शून्याच्या आणखी जवळ गेलं की हे दोन आकडे एकमेकांपासून दूरच पळतात: उजवीकडचा वर, डावीकडचा खाली. 1/x ला शून्यापाशी एक लिमिटच नाही, मग ते 'इन्फिनिटी' म्हणून घातांकात ठेवायचं कसं? ज्याला घाई आहे तो नेमकं इथलं चिन्ह विसरतो.

दुसरं वाक्य उजव्या बाजूला बरोबर आहे. e^10 सुमारे २२,०२६ आणि x = ०.०५ ला e^20 म्हणजे ४८ कोटींच्या वर. तिकडे इन्फिनिटीबद्दल वाद नाही.

तिसरं वाक्य मला सगळ्यात मजेशीर वाटतं, कारण त्याचा पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. e^(1/x) कधीच ऋण होत नाही. पण ऋण नाही म्हणजे मोठाच, हे कुठून आलं? ऋण घातांक आकड्याला उलटा करतो: e^(−10) म्हणजे 1/e^10, म्हणजे सुमारे ०.००००४५. x = −०.०५ ला तोच आकडा ०.००००००००२ च्या आसपास. शून्याच्या वरच राहतो, पण शून्याला चिकटत जातो. म्हणून डावी लिमिट ० आहे, उणे इन्फिनिटी नाही आणि अधिक इन्फिनिटी तर नाहीच.

नुसत्या आकड्यांवर विश्वास नसेल तर हे करून बघा. डावीकडे किंमत ०.००१ च्या खाली हवी आहे. e^(1/x) < 0.001 म्हणजे 1/x < −ln 1000, आणि ln 1000 सुमारे ६.९०८. म्हणून x हा −०.१४४ आणि ० च्या मध्ये घेतला की काम झालं. ०.००१ च्या जागी कितीही लहान धन संख्या ठेवा, असा पट्टा मिळतोच. आणि x हा ० ते ०.१४४ मध्ये घेतला, तर तिथली प्रत्येक किंमत १,००० च्या वर. पट्टा तेवढाच, फक्त आरशात पाहिल्यासारखा, कारण e^(1/x) · e^(−1/x) = 1.

आता त्या गणिताकडे, कारण मार्क तिथेच जातात. वर-खाली e^(1/x) ने भागलं की (1 − e^(−1/x))/(1 + e^(−1/x)) मिळतं. भागणं चूक नाही, कारण तो कधी शून्य होत नाही. चूक पुढच्या ओळीत आहे. e^(−1/x) शून्याला जातो तो फक्त उजवीकडून. डावीकडून तोच भडकतो, आणि ∞ खाली-वर ठेवून "1" लिहिता येत नाही. डावीकडे भागूच नका, मूळ रूपात e^(1/x) ला ० कडे जाऊ द्या: (0 − 1)/(0 + 1) = −1. x = −०.१ ला प्रत्यक्ष किंमत −०.९९९९१ येते. डावी लिमिट −१, उजवी १, म्हणून लिमिट नाही. x = 0 ला फंक्शनची कुठलीही किंमत ठरवली तरी ते तिथे सलग होणार नाही.

कॅल्क्युलेटर इथे थोडा फसवतो. बऱ्याच सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर x = 0.004 ला e^250 एरर देतं, कारण उत्तर १० च्या शंभराव्या घाताच्याही पलीकडे जातं. −0.004 ला मात्र पडद्यावर निमूट 0 येतं. तो खरा शून्य नाही, मशीनला दाखवता न येणारा लहान आकडा आहे. तेवढ्यावरून 'फंक्शन इथे शून्य झालं' असं वहीत लिहू नका.

मेसेजवाल्याची रीत चालते ती e^(1/x²) ला. तिथे घातांक दोन्ही बाजूंनी धनच, त्यामुळे दोन्हीकडून इन्फिनिटी. घातांकापुढे उणे लावा, e^(−1/x²), की दोन्हीकडून ०. x चा घात विषम असला की मात्र दोन्ही बाजू वेगळ्या काढाव्याच लागतात.