दोनशे केबीत मार्कशीट

शिष्यवृत्तीच्या अर्जात नाव, जन्मतारीख, घरचं उत्पन्न, सगळं पोर्टल निमूटपणे ऐकून घेतं. बिथरतं ते शेवटच्या पानावर, कागदपत्रं चढवायची वेळ आली की. ‘फाइल २०० केबीपेक्षा मोठी आहे’ असं लाल अक्षरांत सांगतं आणि गप्प बसतं. किती मोठी, का मोठी, याबद्दल अवाक्षर नाही.

माझा मूळ प्रश्न असा, की मार्कशीटमध्ये असतं तरी काय? सहा-सात विषय, त्यांचे गुण, एक सही, एक शिक्का. एवढा मजकूर टाइप केला तर दोन केबीसुद्धा भरत नाही. मग फोनने काढलेला फोटो ४ एमबीचा कसा? तर फोनला मार्कशीट दिसतच नाही, त्याला कागद दिसतो. कागदाचा पोत, घडीची रेघ, टेबलाची कड, फोटो काढणाऱ्याच्या डोक्याची सावली, हे सगळं तो गुणांइतक्याच निष्ठेने टिपतो. जेपीईजीची रीत अशी, की ती चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते. ज्या चौकोनात सपाट पांढरं आहे तो जवळजवळ फुकटात साठवला जातो. ज्यात खरखर आहे, त्याला बाइट मोजावे लागतात. म्हणजे आपल्या ४ एमबीतला मोठा वाटा कोऱ्या दिसणाऱ्या जागेतल्या खरखरीचा असतो. त्यात मार्कशीटवर नक्कल टाळण्यासाठी छापलेली बारीक वेलबुट्टी असली, तर विचारूच नका. ती वेलबुट्टी नकलाकारांपेक्षा विद्यार्थ्यांनाच जास्त छळते.

म्हणून पहिलं काम फाइल आवळण्याचं नाही, कागद पांढरा करण्याचं आहे. मार्कशीट खिडकीजवळ, सगळीकडे सारखा उजेड पडेल अशी ठेवायची. डोक्यावरच्या दिव्याखाली उभं राहून फोटो काढला की अर्ध्या पानावर आपलीच सावली पडते, आणि मग उजळ अर्धं पान पांढरं होतं, सावलीतलं राखाडीच राहतं. फोटो निघाला की टेबल कापून टाकायचं, अगदी कागदाच्या कडेपर्यंत. मग फोटो-संपादकातल्या ‘लेव्हल्स’मध्ये पांढऱ्याची खूण इतकी खाली ओढायची, की कागदाचा करडेपणा जाईल, पण शिक्क्याचा फिका जांभळा शाबूत राहील. शिक्का पुसला गेला तर फाइल हलकी होते हे खरं, पण अर्जही हलका होतो.

इथे अनेक जण रंग काढून टाकण्यावर भिस्त ठेवतात. पण जेपीईजी रंगाची माहिती बहुधा आधीच अर्ध्या बारकाईने ठेवते, त्यामुळे करडं केल्याने बचत होते ती अपेक्षेपेक्षा थोडी. निव्वळ काळं-पांढरं, म्हणजे मधली एकही छटा नसलेलं स्कॅन मात्र खरोखर चिमुकलं होतं. फक्त त्यात फिका शिक्का गायब होतो, आणि नावावरचा अनुस्वार उडून कोणाच्या तरी नशिबी नवीन नाव येतं.

पुढचं काम पिक्सेलचं. ए-४ पान ३०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतं, म्हणजे साधारण ८७ लाख ठिपके. डीपीआय निम्मा, म्हणजे १५०, केला की पान १२४० बाय १७५४ होतं आणि ठिपके निम्मे नाही, चौथाई उरतात. १५० ला छापील गुण आरामात वाचता येतात. एवढं झाल्यावरच जेपीईजीच्या गुणवत्तेच्या आकड्याला हात लावायचा, आणि तोही एकदाच. आधी गुणवत्ता पाडून मग आकार कमी करणारे लोक अक्षरांभोवती मुंग्या पाळतात. दरवेळी बिघडलेल्या प्रतीलाच पुन्हा आवळलं, तर आधीच्या डागांवर नवे डाग चढतात. मूळ फोटो वेगळा ठेवावा आणि प्रत्येक नवा प्रयत्न त्याच्यापासून सुरू करावा.

ज्यांच्या संगणकावर इमेजमॅजिक आणि आयएमजी-टू-पीडीएफ आहेत, त्यांच्यासाठी कापलेल्या फोटोवर हे सगळं दोन ओळींत होतं:

```
magick photo.jpg -auto-orient -level 15%,80% -resize 1240x1754 -strip -define jpeg:extent=185KB page.jpg
img2pdf --pagesize A4 page.jpg -o marksheet.pdf
```

पहिल्या ओळीतलं `jpeg:extent` १८५ केबीच्या आत बसेल अशी सगळ्यात चांगली गुणवत्ता स्वतःच शोधतं. `-auto-orient` विसरलात तर मार्कशीट आडवी झोपते, कारण फोटो कुठल्या बाजूने उभा आहे ही नोंद `-strip` पुसून टाकतं. दुसरी ओळ चित्राला पुन्हा न आवळता पीडीएफच्या पाकिटात घालते. पाकिटाचं वजन जेमतेम. मार्कशीट दोन पानी असेल तर दर पानाला ९० केबी धरायचे आणि १२० डीपीआयवर, म्हणजे ९९२ बाय १४०३ वर उतरायचं. मग १५० टक्के मोठं करून ३ आणि ८ वेगळे दिसतात का, ते पाहायचं. तिथे दिसले नाहीत, तर अर्ज तपासणाऱ्यालाही दिसणार नाहीत.

जग मात्र उलट्या टोकाने सुरू करतं: आधी पीडीएफ बनवतं, मग ती पिळत बसतं. पीडीएफ आवळणाऱ्या घोस्टस्क्रिप्टचं `/ebook` हे सेटिंग चित्रं १५० डीपीआयला आणतं असं ऐकून कोणी २०० डीपीआयचं स्कॅन त्यात घालतो, आणि फाइल जवळजवळ जशीच्या तशी बाहेर येते. बिघाड नाही, नियम आहे. चित्र ठरलेल्या डीपीआयच्या दीडपट, म्हणजे इथे २२५ च्या वर असेल, तरच ते त्याला हात लावतं. हे माहीत नसलेला माणूस चिडून `/screen` निवडतो, ते ७२ डीपीआयचं, आणि पान ५९५ पिक्सेल रुंदीचं होऊन मार्कशीटचं धुकं होतं. आणि जो दाखला मुळातच डिजिटल पीडीएफ म्हणून मिळाला आहे, तो छापून, फोटो काढून ‘स्कॅन’ करणाऱ्यांना तर मी दंडवतच घालतो. शंभर केबीचा स्वच्छ मजकूर घेऊन त्याचे चार एमबी करायचे, त्यावरची डिजिटल सही घालवायची, आणि मग वजन उतरवायला बसायचं!

१८५ का, १९९ का नाही? कारण केबी कोणाचा, यावर एकमत नाही. विंडोज १०२४ बाइटचा केबी मोजतं, मॅक १००० चा. विंडोजवरचे २०० केबी म्हणजे २,०४,८०० बाइट, आणि पोर्टलची मर्यादा २,००,००० बाइटची असेल तर दार बंद. जागा सोडलेली बरी. फाइलचं नावही `marksheet.pdf` इतकंच साधं असावं, कारण `marksheet final (2).pdf` मधल्या कंसांवर काही पोर्टलं रुसतात. आयफोनच्या `.heic` फाइलचं नाव बदलून `.jpg` करणाऱ्यांनाही काही पोर्टलं ओळखतात. ती नाव नाही, सुरुवातीचे बाइट पाहतात.

शेवटी सही. इथे मर्यादा २० केबी, आणि १४० बाय ६० पिक्सेलची सही ४५ केबीची भरते. एवढ्याशा चित्रात ४५ केबी कसे? तर फोटोच्या आत कॅमेऱ्याने लपवलेलं छोटं चित्र आणि रंगांची माहिती बसलेली असते. `-strip` केलं की फाइल एकदम ४ केबीवर येते. आपण खूश होऊन ती चढवतो. पोर्टल लाल अक्षरांत सांगतं: ‘फाइल किमान १० केबीची असावी.’ मग सही पुन्हा मूळ फोटोतून कापा, चालत असेल तर २८० बाय १२० करा, गुणवत्ता ९५ ठेवा, आणि इतका वेळ घासून काढलेली कागदाची ती खरखर थोडी परत येऊ द्या.